ब्रीफकार

जाहिरातीच्या व्यवसायात गेल्या काही वर्षांत जो एक अनामिक लेखकवर्ग वाढीस लागला आहे, त्याचे वैशिष्ट्य असे की तो दिवसभर लिहीत असतो आणि त्याने लिहिलेले वाक्य जसेच्या तसे प्रसिद्ध झाले तर ते त्याचे अपयश मानले जाते. या वर्गातील व्यक्तीस येथे ब्रीफकार म्हटले आहे. ब्रीफ म्हणजे काम करणाऱ्याच्या हाती दिलेले लेखी सूचनापत्र, आणि ब्रीफकाराचे सूचनापत्र मायक्रो इन्फ्लुएन्सरांसाठी असते, म्हणजे व्यवसायातील ढोबळ मोजमापाप्रमाणे ज्यांचे अनुयायी 10 हजार ते 1 लाखाच्या दरम्यान आहेत, जे सिनेतारे नाहीत, परंतु ज्यांना आपल्या गावातील भाजीवाला ओळखतो अशा मंडळींसाठी. त्यांनी छायाचित्राखाली किंवा रीलखाली जो मजकूर लिहायचा, म्हणजेच कॅप्शन, त्यात काय यावे, कोणत्या सुरात यावे, दुवा कोठे असावा आणि कोणता दावा चुकूनही करू नये, हे सांगणे एवढेच त्याचे कार्यक्षेत्र आहे.

ब्रीफकार बहुधा तिशीच्या आतला असतो, त्याच्या संगणकावर ‘अंतिम’, ‘अंतिम 2’ आणि ‘हेच अंतिम’ अशा नावांच्या फायली नांदत असतात, आणि व्यवसायाचा परिणाम त्याच्या कौटुंबिक जीवनावर झालेला असतो. घरात आजीने एखादा काढा सर्दीवर रामबाण असल्याचे सांगितले की तो आधार विचारतो. लग्नपत्रिकेतील ‘आपली उपस्थिती हाच खरा आहेर’ हे विधान त्याला पडताळता न येणाऱ्या दाव्यांत मोडणारे वाटते. तो स्वभावाने संशयी नसतो. ज्या तीन पक्षांच्या मध्ये तो उभा असतो, ते त्याला तसे बनवतात. मालाच्या मालकाला सर्व काही सांगून हवे असते, इन्फ्लुएन्सरला काहीच सांगून घ्यायचे नसते, आणि कायद्याला जे सांगितले जाईल त्याचा पुरावा हवा असतो.

या तिढ्याचे स्वरूप एका उदाहरणाने स्पष्ट करता येईल. नाशिकच्या एखाद्या गृहउद्योगाने नाचणी, गव्हाचे पीठ आणि गूळ यांची बिस्किटे बाजारात आणली आणि श्रावणाच्या तोंडावर 12 इन्फ्लुएन्सरांकडून त्यांची प्रसिद्धी करवून घ्यायचे ठरवले, असे मानू. मालकाकडून ब्रीफकाराकडे येणारी ‘अनिवार्य मुद्द्यां’ची यादी सामान्यतः दीड पानांची असते. तीत बिस्किटे साखरमुक्त आहेत, मधुमेहींसाठी वरदान आहेत, हाडे बळकट करतात, 100 टक्के नैसर्गिक आहेत, उपवासाला चालतात आणि डॉक्टरही त्यांची शिफारस करतात, एवढे सर्व असते, आणि तळाशी ‘बाकी तुम्ही तुमच्या पद्धतीने छान लिहा’ अशी मोकळीकही असते.

ब्रीफकाराचे खरे लेखन या यादीवर रेघोट्या ओढण्यापासून सुरू होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावेविषयक विनियमांनुसार 100 ग्रॅम घन पदार्थात 0.5 ग्रॅमपेक्षा अधिक शर्करा असेल तर त्याला साखरमुक्त म्हणता येत नाही, आणि गूळ ही शर्कराच असल्यामुळे ‘वरून साखर घातलेली नाही’ हा आडवाटेचा दावाही तेथेच संपतो. गूळ म्हणजे साखर नव्हे ही मालकाची श्रद्धा मात्र एवढ्याने संपत नाही, आणि तीवर दूरध्वनीवरून होणारी चर्चा ब्रीफ लिहिण्यास लागणाऱ्या वेळेपेक्षा लांबते. मधुमेहाचा उल्लेख त्याच विनियमांमुळे जातो, कारण विशेष परवानगीवाचून कोणताही खाद्यपदार्थ रोग बरा करतो वा टाळतो असे सुचवणेही तेथे निषिद्ध आहे. डॉक्टरांची शिफारसही जाते. हाडांच्या बाबतीत चूक अधिक सूक्ष्म असते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते हे खरे, परंतु दावा नाचणीविषयी नसून बिस्किटाविषयी आहे, आणि गहू, गूळ व तूप मिसळून भाजलेल्या बिस्किटात किती कॅल्शियम उरले याचा प्रयोगशाळेतील अहवाल मालकाकडे नसतो. असतो तो नाचणीवरचा एक फिरता संदेश.

उपवासाच्या मुद्द्याला कोणत्याही विनियमाने हात लावलेला नाही. तथापि गव्हाचे पीठ असलेले बिस्किट श्रावणी सोमवारी उपवासाचे म्हणून दाखवल्यास त्याचा निवाडा प्राधिकरणाकडे जाण्याआधीच महाराष्ट्रातील समस्त मावश्या आणि काकू खालच्या प्रतिसादांत करून मोकळ्या होतील, हे ब्रीफकार जाणतो, आणि या एका मंडळाला तो शासनापेक्षा अधिक भितो.

अनुभवी ब्रीफकार टाळावयाच्या दाव्यांची नुसती यादी देऊन थांबत नाही. जे म्हणायचे नाही त्याच्या शेजारी जे म्हणता येईल ते तो ठेवतो, कारण केवळ ‘साखरमुक्त लिहू नये’ असे सांगितल्यास इन्फ्लुएन्सर प्रामाणिकपणे ‘शुगर फ्री’ असे लिहितो. म्हणून ब्रीफमध्ये ‘गोडीसाठी गूळ वापरला आहे, मैदा वापरलेला नाही’ हे वेष्टनावरून पडताळता येणारे विधान दिले जाते, आणि दीड पानांतून अनिवार्य मुद्दे उरतात ते तीन: नाचणी व गूळ असून मैदा नाही, बिस्किटे कोठे मिळतील, आणि सवलतीचा संकेतशब्द.

चौथी अनिवार्य गोष्ट म्हणजे हा मजकूर जाहिरात असल्याची कबुली, आणि तीवर वाटाघाट नसते. भारतीय जाहिरात मानक परिषद, म्हणजे 1985 मध्ये स्थापन झालेली जाहिरात-व्यवसायाची स्वनियंत्रण संस्था, हिने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांच्यानुसार ही खूण कॅप्शनच्या पहिल्या दोन ओळींत, ‘आणखी’ असे लिहिलेल्या ठिकाणी बोट न लावता दिसेल अशी हवी, आणि 15 सेकंदांहून मोठ्या पण 2 मिनिटांच्या आतील चित्रफितीत ती एक तृतीयांश काळ पडद्यावर राहिली पाहिजे. म्हणजे 30 सेकंदांच्या रीलमध्ये 10 सेकंद. मराठी कॅप्शनला ‘जाहिरात’ हा सरळ शब्द चालतो. इन्फ्लुएन्सरला मात्र तो शब्द सोयर लागल्यासारखा वाटतो. त्याला ती खूण विसाव्या हॅशटॅगनंतर ठेवायची असते, आणि पैसे न घेता नुसते बिस्किटांचे खोके घेतले असेल तर ती मुळीच नको असते. फुकट मिळालेले खोके हाही आर्थिक संबंधच होय, हे ब्रीफकार ठळक अक्षरांत लिहितो आणि वाचले गेले की नाही हे पाहण्यासाठी दूरध्वनी करतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पुरस्कर्त्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे वाक्य तो शेवटचे शस्त्र म्हणून राखून ठेवतो.

सुराच्या प्रकरणात मात्र ब्रीफकाराची लेखणी डगमगते. नवशिका ब्रीफकार ‘सूर मैत्रीपूर्ण, आपुलकीचा, तरुण परंतु विश्वासार्ह असावा’ असे लिहितो, ज्यावरून कोणालाही काहीही लिहिता येते. त्यावर उतारा म्हणून तो नमुना-कॅप्शन जोडतो, आणि तेथेच घात होतो, कारण एकाच संध्याकाळी 12 जणांच्या तोंडून ‘माझ्या चहाचा नवा सोबती’ निघतो आणि कोल्हापूरची गृहिणी व नागपूरचा दुचाकीस्वार एकाच आईची लेकरे असल्यासारखे बोलू लागतात. मुरलेला ब्रीफकार सुराऐवजी कृती सांगतो: बिस्किट प्रत्यक्ष कशाबरोबर खाल्ले ते लिहावे, न आवडलेली एखादी बाब असल्यास तीही लिहावी, आणि जे शब्द आपण घरी बोलत नाही ते येथे वापरू नयेत. कोल्हापूरच्या बाईंनी ‘नाद खुळा’ लिहिले तर त्याचे ‘अत्युत्तम’ करण्याचा मोह तो आवरतो, आणि मालकालाही आवरायला लावतो.

नमुना-कॅप्शनविषयीच्या या भयाला इतिहासाचा आधार आहे. मे 2016 मध्ये स्कॉट डिसिक या अमेरिकी दूरचित्रवाणी-प्रसिद्ध गृहस्थांनी एका प्रथिनपेयाची जाहिरात करताना, अमुक वाजता खालील मजकूर टाकावा ही त्यांना आलेली सूचनासुद्धा कॅप्शनमध्ये चिकटवली होती. सूचना आणि उतरवून घ्यायचा मजकूर एकाच परिच्छेदात ठेवू नये, हा ब्रीफलेखनाचा नियम किती आवश्यक आहे हे त्या एका चिकटवणीतून जगाला कळले.

दुव्यांचा भाग कोरडा असला तरी पैशाचा हिशेब त्यावरच चालतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधील दुवा बोट लावून उघडत नाही. तो परिचयाच्या जागी किंवा स्टोरीतील दुवा-चिकटपट्टीवर द्यावा लागतो. प्रत्येकाला वेगळा दुवा दिला जातो आणि त्याच्या शेपटीला, ग्राहक कोणाकडून आला हे सांगणारी खूण जोडली जाते:

```
?utm_source=instagram&utm_medium=influencer&utm_campaign=nachni&utm_content=kolhapur01
```

येथे लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद धरला जातो, त्यामुळे कोणी कौतुकाने `Instagram` असे लिहिले की हिशेबात एक नवाच स्रोत जन्माला येतो. म्हणून ब्रीफकार दुवा हाताने टंकित करू नये असे बजावतो, सवलतीच्या संकेतशब्दात शून्य आणि ओ ही अक्षरे एकत्र येऊ देत नाही, आणि परिचयातील दुवा निदान 3 दिवस हलवू नये अशी अट घालतो. अन्यथा दुसऱ्या सकाळी तेथे केशतेलाची कंपनी राहायला आलेली असते.

इतके होऊन ब्रीफ एका पानात बसते, मसुदे आधी मागवून तपासले जातात, आणि ठरलेल्या संध्याकाळी 12 कॅप्शने निर्दोष प्रसिद्ध होतात. ब्रीफकार प्रत्येकाचे पडदाचित्र पुराव्यादाखल साठवतो. तासाभराने कोल्हापूरच्या कॅप्शनखाली एक बाई विचारतात, ‘ताई, आमच्या ह्यांना शुगर आहे, चालेल का?’ आणि ताई तत्परतेने उत्तर देतात, ‘हो काकू, बिनधास्त द्या!’

प्रतिसादांना दिलेली उत्तरे हाही प्रसिद्धीचाच भाग ठरू शकतो, आणि ब्रीफमध्ये त्यांविषयी एक अक्षरही नव्हते. रात्री साडेनऊला ते उत्तर काढून त्या जागी ‘काकू, यात गूळ आणि गहू आहे, त्यामुळे आधी डॉक्टरांना विचारा’ असे लिहवून घेतले जाते, ब्रीफला दुसरे पान जोडले जाते, आणि सुधारित प्रत मालकाकडे मंजुरीसाठी रवाना होते. मालकाला ते उत्तर पसंत पडते. त्याची विचारणा इतकीच असते की डॉक्टरांच्या उल्लेखानंतर लगेच खरेदीचा दुवा टाकता येईल काय.