विमा एजंट: पंगतीपासून तेराव्या महिन्यापर्यंत

आयुर्विम्याचा एजंट लग्नाला गेला तरी त्याचे लक्ष मांडवापेक्षा पंगतीवर असते. वैयक्तिक विक्रीची पहिली पायरी, म्हणजे संभाव्य ग्राहकाचा शोध, तिथेच सुरू होते. कोणाला नोकरी लागली, कोणी फ्लॅट घेतला, कोणाच्या घरी पाळणा हलला, हे त्याला भावकीआधी कळते. पण ओळखीचा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. ज्याला गरज आहे, हप्ता झेपतो आणि निर्णय घेता येतो, तोच वहीत चढतो.

समजा, वहीत एक शिक्षक चढला. त्याला नुकतीच मुलगी झाली आहे आणि डोक्यावर 20 लाखांचे गृहकर्ज आहे. दुसरी पायरी पूर्वतयारीची. पगार, आधीच्या पॉलिसी आणि घरात शब्द कोणाचा चालतो, याची एजंट चौकशी करतो. नवराबायको दोघे घरी असतील अशी वेळ तो मागून घेतो. नाहीतर सगळे ऐकून झाल्यावर ‘हिला विचारून सांगतो’ हे ठरलेले वाक्य येते.

भेटीची सुरुवात बाळाच्या जावळाच्या कौतुकाने होते. कच्चा एजंट तिथून थेट मुदतपूर्तीच्या आकड्यावर उडी मारतो. मुरलेला विचारतो, “सर, पगार थांबला तर बँकेचा हप्ता कोण भरणार?” गरज ग्राहकाच्याच तोंडून निघाली, की सादरीकरण अर्धे झाले.

मग आक्षेप येतो: “बघू, दिवाळीनंतर.” हा नकार नसून खरे कारण झाकणारा पडदा असतो. म्हणून एजंट विचारतो, “हप्ता जड वाटतोय, की पॉलिसी पटत नाहीये?” हप्ता जड असेल, तर मुदत विमा स्वस्तात मोठे संरक्षण देतो; मुदतीअंती मात्र सहसा काही मिळत नाही. हप्ता लहान म्हणून कमिशनही लहान, त्यामुळे काही एजंटांना ही योजना ऐनवेळी आठवत नाही.

सौदा पक्का करताना तो ‘घेणार का?’ असे विचारत नाही. ‘वार्षिक ठेवू की सहामाही?’ असे विचारतो. “पहिल्या हप्त्यात काही सोडा ना,” असे ग्राहक म्हणतोच. कमिशनमधून अशी सूट देण्यास विमा कायदा, 1938 च्या कलम 41 ची मनाई आहे. “अर्जात शुगर लिहायला नको,” हा एजंटचा सल्ला त्याहून महाग पडतो, कारण लपवलेल्या आजारावर पुढे दावा अडू शकतो.

शेवटची पायरी विक्रीनंतरच्या पाठपुराव्याची. पॉलिसी हाती देऊन नॉमिनीचे नाव तपासायचे, अटी पटल्या नाहीत तर 30 दिवसांत ती परत करता येते हे सांगायचे आणि पुढच्या हप्त्याची आठवण ठेवायची. पहिल्या वर्षी कमिशन भरघोस, नंतर बेताचे. म्हणून कित्येक एजंट सही झाल्यावर फक्त वाढदिवसाच्या मेसेजमध्ये भेटतात. वार्षिक हप्ता चुकला, तर 30 दिवसांच्या सवलतीनंतर पॉलिसी बंद पडते. म्हणूनच विमा कंपन्या तेराव्या महिन्यात किती पॉलिसी चालू राहिल्या हे मोजतात. गळ्यात मारलेल्या पॉलिसी तिथे उघड्या पडतात.