फ्रेममधले शेठ

किलवणी रोडवरच्या धागा कारखान्यांत एक शेठ हमखास आढळतात. मशीनच्या आवाजावरून कुठे बिघडलंय ते त्यांना केबिनमध्ये बसून कळतं, पण खुर्चीमागे गणपती आणि लक्ष्मीच्या मधोमध टांगलेलं आयएसओ ९००१ चं सर्टिफिकेट त्यांनी आजवर वाचलेलं नसतं. परदेशी खरेदीदाराने पुरावा मागितला की ते फ्रेमचाच फोटो पाठवतात. काचेत ट्यूबलाइट चमकते, तीही नेमकी मुदतीच्या तारखेवर. खरेदीदार पुन्हा विचारतो, तेव्हा शेठना वाटतं, या गोऱ्याचा आपल्यावर विश्वास नाही. खरं तर तो त्यांच्यावर संशय घेत नाही, फक्त कागदावर लिहिलेलं वाचतो.

समजा, कागदावर 'पॉलिएस्टर टेक्स्चराइज्ड धाग्याचं उत्पादन' एवढंच लिहिलंय आणि पत्ता किलवणी रोडचा आहे. ऑर्डर मात्र रंगवलेल्या धाग्याची, आणि रंगाई होते मसाटच्या शेडमध्ये. "मालक एक, जीएसटी नंबर एक, मग सर्टिफिकेट दोन कशाला?" हा शेठचा सवाल बिनतोड वाटतो. पण ऑडिटरने जे काम आणि जी जागा तपासली, तेवढ्यापुरतंच सर्टिफिकेट बोलतं. मसाटच्या रंगाच्या टाकीकडे त्याने ढुंकूनही पाहिलेलं नसतं. दोन सर्टिफिकेटं लागत नाहीतच. व्याप्ती वाढवायचा अर्ज करायचा, पुढच्या वार्षिक ऑडिटबरोबर मसाटही तपासून घ्यायचं, म्हणजे त्याच कागदावर काम आणि पत्ता दोन्ही चढतात. धागा पक्क्या रंगाचा आहे, असं मात्र तो कागद तेव्हाही म्हणणार नाही. त्यासाठी लॅबचा रिपोर्ट वेगळा.

तारखांच्या बाबतीत शेठ इतिहासप्रेमी. कागदावर पहिलं प्रमाणन २०१७ चं, सध्याचं १२ जून २०२३ पासून, मुदत ११ जून २०२६ पर्यंत. ते बोट ठेवतात २०१७ वर. मुदत बाकी असली तरी मधलं वार्षिक ऑडिट चुकलं तर प्रमाणन स्थगित होऊ शकतं, आणि भिंतीवरच्या कागदाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून खरेदीदार प्रमाणन संस्थेकडे किंवा आयएएफ सर्टसर्चवर नंबर टाकून बघतो. "ऑडिट झालंय, कागद यायचाय," हे उत्तरही पुरत नाही, कारण प्रमाणन धरलं जातं संस्थेच्या निर्णयापासून. मुदत संपल्यावर सहा महिन्यांत राहिलेलं काम पुरं केलं तर प्रमाणन पुन्हा सुरू होतं खरं; पण निर्णय सप्टेंबरात झाला तर कागद सप्टेंबरपासूनचा, आणि पुढची मुदत जुन्याच चक्राने ११ जून २०२९. जुलैत बोटीवर चढलेल्या मालाला कुठलाच कागद लागू नाही.

"मग लेटरहेडवर लिहून दिलं तर?" शेठ शेवटी विचारतात. जरूर द्यावं: रंगाई मसाटला होते, ती अजून व्याप्तीबाहेर आहे, अर्ज अमुक तारखेला केलाय. पुष्कळ खरेदीदार तेवढ्यावर थांबायला तयार असतात. अडचण एवढीच की शेठना त्या पत्रावरही गोल शिक्का आणि सोनेरी किनार हवी असते.