पाठपुरावा सुरू आहे

साहेबांना एका परिच्छेदात अहवाल हवा असला की ‘काम प्रगतिपथावर आहे, पाठपुरावा सुरू आहे’ हे वाक्य तयारच असतं. नोंदी मात्र सहा आठवड्यांच्या: डायरीत, व्हॉट्सॲपवर, पाकिटाच्या पाठीवर. त्या तारखेनुसार लावल्या की गंमत दिसते. ‘जुन्या ग्राहकांचा डेटा: कंत्राटदाराला फोन’ ही नोंद चार सोमवार जशीच्या तशी उतरवलेली. म्हणजे जिला आपण काम समजत होतो, ती जोखीम निघाली! मग खरं लिहायचं तर असं: ‘नवी बिलप्रणाली तयार आहे; जुना डेटा न आल्यामुळे चाचणी थांबली आहे. तो १५ तारखेपर्यंत न मिळाल्यास पुढच्या महिन्याची बिलं जुन्याच प्रणालीतून काढावी लागतील. खरेदी विभाग शुक्रवारपर्यंत कंत्राटदाराकडून लेखी तारीख घेईल.’ स्थिती, जोखीम, परिणाम, पुढचं पाऊल, जबाबदार कोण, मुदत काय, सगळं तीन वाक्यांत आलं. नेमकं म्हणूनच हा परिच्छेद कुणी पाठवत नाही. तो पाठवला तर शनिवारी खरेदी विभागाला जाब विचारावा लागेल, आणि खरेदी विभाग विचारेल, ‘चार सोमवार तुम्ही काय करत होतात?’