सोडताना दुखतं

दुखण्याला घरात प्रतिष्ठा मिळायची, तर त्याने थोडं सातत्य दाखवावं लागतं. हात मोडला की प्लॅस्टर मिळतं, साधा ताप आला तरी मऊ खिचडी मिळते. माझी दाढ मात्र एरवी गप्प असायची आणि मधूनच एखाद्या घासाला अशी सणक मारायची, की डोळ्यांत पाणी यावं. "काय झालं?" म्हणून सगळे माझ्याकडे बघेपर्यंत कळ गायब, आणि मी पुढचा घास मजेत खातोय. घरात असं मत पडलं, की हे दुखणं कारल्याच्या भाजीच्या दिवशी जास्त होतं.

खरी पंचाईत वेगळीच होती. आमच्या घराण्याला जमीनजुमला नाही, दात आहेत. आणि त्या दातांच्या जिवावर मी सुपारी खायचो. इथे सुपारीविषयी थोडं बोलायला हवं. थोडं म्हणजे माझ्या मानाने थोडं.

आजोबांकडे पितळी अडकित्ता होता. श्रीवर्धनचा रोठा ते आधी बोटांत फिरवून बघायचे, मग नेमक्या जागी पातं टेकवून त्याची दोन भकलं करायचे. भकलांची खांडं, आणि हात लागला असेल तर खांडांची कातरण, इतकी पातळ की फुंकरीने तबकातून उडावी. भाजकी सुपारी त्यांच्या लेखी सुपारीच नव्हे, आणि सुगंधी सुपारीची पुडी आणणारा पाहुणा पुढच्या वेळी ओटीवरूनच परत जायचा. या सगळ्या कलेचा वारसा मी एका वाक्यात मोडीत काढला होता : "मला अडकित्ता लागत नाही." लग्नाच्या पंगती उठल्या, की मी तबकातलं सगळ्यांत टणक खांड उचलायचो, डाव्या दाढेखाली धरायचो आणि आजूबाजूच्या मधुमेही, कवळीधारी मंडळींना ऐकू जाईल अशा बेताने फोडायचो. कट्! वन्समोअर कुणी दिला नाही, तरी मी घ्यायचो.

असो. दाढेकडे वळू.

दातांच्या डॉक्टर वयाने माझ्या मुलीएवढ्या. "या काका," म्हणाल्या, तेव्हाच माझं निम्मं अवसान गळालं. सुपारीचं ऐकल्यावर त्यांनी दाढेआधी दोन्ही गाल आतून नीट तपासले, तोंडात उभी तीन बोटं बसतात का ते बघितलं आणि मगच विचारलं, "चावताना दुखतं, की सोडताना?"

"म्हणजे?"

"घास दाबताना कळ येते, की दाब काढल्यावर?"

मी हवेतच एक घास चावून बघितला. सोडताना! नेहमी सोडतानाच.

"मग दाढेला तडा असू शकतो."

घराण्याच्या मालमत्तेला तडा! मी एक्स-रेची मागणी केली. एक्स-रे स्वच्छ आला आणि मी विजयी मुद्रेने बघू लागलो. बाई शांत होत्या. एक्स-रेचे किरण गालाकडून जिभेकडे जातात. दाढेचा तडा बहुधा पुढून मागे धावतो, म्हणजे किरणांना आडवा पडतो, आणि त्याची फट इतकी बारीक, की सावलीत काहीच फरक दिसत नाही. तेव्हा स्वच्छ एक्स-रेने तडा नाही असं सिद्ध होत नाही.

मग दुखणं येतं-जातं कसं? दाताच्या कठीण कवचाखालच्या थरात अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांत द्रव असतो. दाबाने तड्याच्या दोन बाजू किंचित फाकतात, दाब सुटला की झटकन मिटतात. नळ्यांतला द्रव हिसका खातो आणि आतल्या नसेला कळ लागते. द्रव हलल्याने दात सणकतो, हा विचार स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी मांडला. पण भातासारखा मऊ घास दाब सगळीकडे वाटून टाकतो, तडा फाकतच नाही. टणक दाणा नेमक्या एकाच टोकावर, नेमक्या कलाने पडावा लागतो. त्यात आपण नकळत दुसऱ्या बाजूने चावू लागतो आणि दाढ बरी झाली असं समजतो. शिवाय दाताच्या आतल्या नसेला दुखणं कळतं, पत्ता कळत नाही. म्हणून मी बोट दाखवलं ते शेजारच्या निर्दोष दाढेकडे.

खरा शोध लागला तो प्लॅस्टिकच्या एका छोट्या काडीने. तिच्या टोकाला खळगा असतो, तो दाढेच्या एकेका उंचवट्यावर बसवतात. "चावा. धरून ठेवा. आता सोडा." पहिल्या उंचवट्याला काही नाही. दुसऱ्याला नाही. जिभेकडच्या मागच्या टोकाला मी सोडलं आणि खुर्चीतून वीतभर वर आलो. बाईंच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला ते जरा जास्तच वाटलं.

दाढेत जुनी चांदी भरलेली होती. खोल चांदीने भिंती आधीच कमजोर, त्यात वरच्या दाढेचं अणकुचीदार टोक खालच्या दाढेच्या मध्यात पाचरीसारखं बसतं. मधे मी सुपारी ठेवत आलो. चांदी काढली, दिवे मालवले, दाढेला बारीक प्रकाशाची कांडी टेकवली. आरशात बघितलं : अर्धी दाढ उजळली, अर्धी अंधारात, मधे सरळ रेघ. नुसत्या वरच्या कवचावरच्या रेघा निरुपद्रवी असतात, प्रकाश त्यांतून पार जातो. इथे तो अडला होता. मग हिरडीभोवती मापाची सळई फिरली. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर. एकाच जागी ती अचानक खोल गेली असती, तर तडा मुळापर्यंत उतरल्याचा संशय घ्यावा लागला असता, आणि मग बहुधा दाढ काढणंच आलं असतं.

खुर्चीत पडल्यापडल्या मला आई आठवली. ती कायम उजव्या बाजूने जेवायची, पोळी दुधात मोडायची. कधी मधेच गालाला हात लावायची. आम्ही विचारायचो, ती म्हणायची, "गेली कळ." फोटोत काही नाही म्हणून एकदा अंदाजाने तिची एक दाढ काढली, नंतरही ती उजवीकडूनच जेवत राहिली. आम्ही त्याला तिची सवय म्हणायचो. तिला काय झालं होतं ते आता कळणार नाही. पण कॅमेरॉन नावाच्या दंतवैद्यांनी या दुखण्याला नाव दिलं ते १९६४ साली, तिच्या दाढा शाबूत होत्या तेव्हा. चावताना की सोडताना, एवढं तिला कुणीच विचारलं नाही. आम्हीसुद्धा नाही. येणारं-जाणारं दुखणं खोटं असतं, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

माझ्या दाढेला आधी स्टीलचं कडं घातलं. कड्याने भिंती आवळून धरल्या आणि सणक थांबली, म्हणजे निदान पक्कं झालं. गार फवाऱ्याची कळही लगेच विरत होती. ती रेंगाळली असती, तर रूट कॅनाल लागलं असतं. नंतर कॅप बसली. तडा मात्र आत तसाच आहे. हाड सांधतं, दाताचं कवच सांधत नाही; कॅप फक्त त्याला फाकू देत नाही. पुढे नस बिघडणार नाही, याची हमी बाईंनी दिली नाही.

सुपारी सुटली. प्रेक्षकांची हौस सुटली नाही. हल्ली पंगतीत कुणी गालाला हात लावला, की मी आपलं ताट सोडून त्याच्या पानाशी जाऊन उभा राहतो आणि चारचौघांत, खणखणीत आवाजात विचारतो, "दाबताना की सोडताना?" लोक म्हणतात, यापेक्षा सुपारी बरी होती.