पिवळ्यावर काळं

माझ्या फोनवर दोन हिरव्या ठिपक्यांत दोन पांढरे रिसीव्हर आहेत. एक साध्या फोनचा, दुसरा व्हॉट्सअ‍ॅपचा. डोळे धड असलेल्या माणसाला त्यातला फरक दिसतो म्हणे. मला दिसला नाही आणि गॅसचा नंबर लावायच्या नादात आमच्या जुन्या साहेबांना व्हिडिओ कॉल गेला. तेहेतीस वर्षं तहसील कचेरीत लिपिक होतो, साहेबांच्या खोलीत शर्टाचं वरचं बटण लावल्याशिवाय कधी शिरलो नाही. त्या दिवशी मी बनियनवर होतो आणि तोंडात ब्रश होता. साहेबही बनियनवरच निघाले, हे माझं नशीब.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. डोळ्यातलं भिंग पिवळट पडतं, मग निळा रंग आत पोचता पोचताच गाळला जातो, असं त्यांनी समजावलं. तेव्हा उलगडा झाला. बँक, हवामान, फेसबुक, सगळी निळी चित्रं मला सारखीच काळपट दिसत होती. एकाच कापडात बांधलेले गठ्ठे, वर नाव नाही. शस्त्रक्रियेची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. तोवर फोनची डागडुजी करायचं काम नववीतल्या नातीकडे आलं.

"आबा, सोप्पं आहे," असं म्हणून तिनं सेटिंग्जमधल्या डिस्प्लेत जाऊन अक्षरांचा आकार शेवटच्या टोकाला नेला. अक्षरं मोठी झाली खरी, पण चित्रं होती तेवढीच राहिली आणि त्यांच्याखालची नावं मावेनात. 'कॅल...' एवढंच दिसायचं. ते कॅलेंडर की कॅल्क्युलेटर, हे उघडल्यावर कळायचं. मग तिनं सांगितलं की अक्षरांची पट्टी वेगळी आणि 'डिस्प्लेचा आकार' ही पट्टी वेगळी. दुसरीनं चित्रं, बटणं, रकाने, सगळंच फुगतं. मी म्हटलं, कर तीही शेवटपर्यंत. सरकारी माणसाला मंजुरी मिळाली की तो पूर्ण उचल करतो.

परिणाम बँकेत दिसला. पैसे पाठवायच्या पानावर नाव आलं, रक्कम आली, पण 'पुढे' हे बटण पडद्याच्या तळाखाली गेलं. पान वर सरकेना. अर्ज भरला, पण सही करायची जागाच कागदाबाहेर! काही अ‍ॅपं एवढा फुगवटा गृहीत धरून बनवलेलीच नसतात. शेवटी डिस्प्लेचा आकार दोन घरं मागे घेतला, अक्षरं मात्र मोठीच ठेवली, तेव्हा बटण वर आलं. एकेक घर वाढवायचं आणि दरवेळी बँकेचं पान उघडून बघायचं, हे मी वहीत लिहून ठेवलंय.

मोठ्या अक्षरांचा आणखी एक खर्च एसटीत कळला. बँकेचा निरोप वाचत होतो, मागच्या सीटवरून आवाज आला, "काका, पेन्शन जमा झाली म्हणायची!" मी मागे वळून बघितलं. पूर्ण अनोळखी माणूस. तो चष्माही लावत नव्हता.

मधल्या काळात एक चोरवाटही वापरून पाहिली. पडद्यावर तीनदा टिचकी मारली की तेवढा भाग भिंगाखाली धरल्यासारखा मोठा होतो. दुपारी झोपेत असताना फोन पोटावर होता, माझ्या बोटानं तीन टिचक्या कधी मारल्या देव जाणे. उठून पाहतो तर पडद्यावर फक्त एक प्रचंड गोल. तो घड्याळातला शून्य नव्हता, बायकोच्या फोटोतली टिकली होती. बाहेर यायलाही तीनच टिचक्या लागतात, पण ते आठवायला चहा लागला. शिवाय ही सोय चालू असली की प्रत्येक साध्या टिचकीनंतर फोन जरा थांबतो, अजून दोन येतायत का बघतो. आमच्या आवक शाखेची आठवण झाली. सोय बंद केली.

ते बंद करताना दुसरंच काहीतरी चालू झालं. पडद्याचे सगळे रंग उलटे! पांढऱ्याचं काळं झालं, अक्षरं झगझगीत पांढरी. वाचायला झकास, उजेड डोळ्यांत घुसेना. पण लग्नाच्या वाढदिवसाचा फोटो उघडला तर ही निळी पडलेली आणि माझे केस काळेभोर. मी फोटो ठेवावा म्हणत होतो, ही नाही म्हणाली. नातीला दाखवायला पडद्याचा फोटो काढून पाठवला. तिचं उत्तर आलं, "आबा, सगळं व्यवस्थित दिसतंय की!" हे रंग उलटणं फक्त काचेवर होतं, टिपलेल्या फोटोत ते उतरतच नाही. म्हणजे प्रत्यक्षात बोंब आणि कागदोपत्री सर्व काही सुरळीत. इतकं ओळखीचं वाटलं की गहिवरून आलं.

रविवारी ती स्वतः आली. आधी तिनं सगळ्या चित्रांना एकच रंग देणारी सोय लावली. दिसायला छान, लग्नातल्या मानकऱ्यांच्या फेट्यांसारखं. पण निळं गेलं तरी हिरवा, लाल एवढ्यावर माझं थोडंफार भागत होतं, तो आधारही गेला. मग मीच हुकूम सोडला. कचेरीत आम्ही सहा गठ्ठा पद्धत पाळायचो. टेबलावरचे सगळे कागद सहाच गठ्ठ्यांत लागले पाहिजेत, हातातलं काम एकात, उत्तराची वाट बघणारं दुसऱ्यात, असं करत शेवटी नष्ट करायचं सहाव्यात. फोनवरही सहाच वस्तू ठेव. बाकीच्या काढ.

"डिलीट?" ती घाबरली.

"नाही गं, अभिलेख कक्षात." पहिल्या पानावरून काढलेलं अ‍ॅप आतल्या यादीत राहतंच, एवढं मी तोवर शिकलो होतो.

गणपतीचं चित्र पार्श्वभूमीला होतं. पांढरी नावं मोदकांत विरघळत होती. गणपतीला नमस्कार करून तिथं साधा काळा रंग लावला. मग तिनं एक लाँचर उतरवून घेतला. फोनचं दर्शनी पान बदलणारं हे अ‍ॅप असतं, त्यात चित्राचा आकार, चित्र आणि नावसुद्धा आपल्या मर्जीनं ठरवता येतं. तिनं विचारलं, कुठला रंग? मी म्हटलं, रेल्वे स्टेशनच्या पाटीचा. पिवळ्यावर काळं. गाडी धावत असतानाही खिडकीतून कुर्डुवाडी वाचता येतं. तिनं सहा पिवळे चौकोन केले, त्यात एकेक ठसठशीत अक्षर. फो, व्हॉ, बँ, कॅ, रे, ग. शेवटचा गजर. फो वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि व्हॉ खालच्या उजव्या, मध्ये दोन गावांचं अंतर. साहेब सुरक्षित झाले.

परवा उजवा डोळा झाला. नवं भिंग लांबच्यासाठी बसवलंय, जवळचं वाचायला चष्मा लागणारच, त्यामुळे मोठी अक्षरं ठेवायचीच आहेत. पट्टी निघाल्यावर फोन उघडला आणि दचकलो. मी ज्याला मऊसर पिवळा समजत होतो, तो शेतातल्या बुजगावण्यालाही शोभणार नाही इतका भडक होता. डावा डोळा मिटला की हळद, उजवा मिटला की जुनं तूप. घरातली पांढरी भिंत एका डोळ्याला निळसर, दुसऱ्याला चहात भिजलेली.

"बदलू का, आबा?" नातीनं फोन हातात घेतला.

"थांब. डाव्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे," मी म्हटलं, "तोवर दुसऱ्या गठ्ठ्यात ठेव."