काहीही नावाची भाजी

आमच्या ओट्यापाशी रोज सकाळी सव्वासातला एक प्रश्न उभा राहायचा. "अहो, आज भाजी काय करू?"

"कर काहीही," मी पेपरातून मान न काढता म्हणायचो.

"दोडका?"

"दोडका नको."

"मग वांगी?"

"परवाच झाली की!"

काहीही नावाची भाजी मंडईत मिळत नाही, हे कळायला मला लग्नानंतर अठरा वर्षं लागली. शेवटी आठ वाजता बटाट्याच्या काचऱ्या व्हायच्या.

मग कुठेतरी वाचलं, की बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना फक्त राखाडी किंवा निळे सूट घालायचे. काय घालायचं, काय खायचं, यावर निर्णयशक्ती खर्चायची नाही, मोठ्या निर्णयांसाठी ती राखून ठेवायची, असं त्यांनी 2012मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सकाळी भाजी कोण विचारत होतं?"

यामागचं शास्त्र तिला सांगायला गेलो आणि स्वतःच अडकलो. मनाची ताकद टाकीतल्या पाण्यासारखी असते, वापरली की आटते, अशा अर्थाचे प्रयोग 1998मध्ये गाजले. पण 2016मध्ये तेवीस प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर माणसांवर ते तपासून पाहिले, तेव्हा त्या आटण्याचा जवळजवळ मागमूसच लागला नाही. म्हणजे टाकी आहे की नाही यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही. आमच्याकडे मात्र सव्वासात ते आठ हा पाऊण तास रोज आटत होता, आणि तो घड्याळात दिसत होता.

मी वेळापत्रक केलं आणि भिंतीवर कालनिर्णयच्या खाली चिकटवलं. सोमवार दोडका, मंगळवार मटकीची उसळ, बुधवार वांगी, गुरुवार मेथी.

पहिल्याच मंगळवारी ते आपटलं. मटकी कोरडीच डब्यात बसलेली. मंगळवारी सकाळी मोड हवे असतील, तर मटकी रविवारी रात्री भिजवायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. थंडीत मोड आणखी उशिरा येतात. म्हणजे मंगळवारच्या उसळीचा निर्णय मंगळवारी घ्यायचाच नसतो. गुरुवारी दुसरा दणका. आदल्या रात्री पाऊस झालेला, मेथीची जुडी चिखलाने माखलेली, पानं पिवळी आणि भाव दुप्पट. शेजारी तांदुळजा ताजा आणि स्वस्त होता, पण कागदावर मेथी लिहिलेली. मी मेथी आणली. ती निवडता निवडता बायको जे बोलली, ते वेळापत्रकात नव्हतं.

दुसरी आवृत्ती शहाणपणाने केली. भाजीचं नाव लिहायचं नाही, फक्त जात लिहायची. सोमवार फळभाजी, मंगळवार उसळ, गुरुवार पालेभाजी. त्यातली कोणती, ते मंडईतला भाव ठरवणार. आणि रविवारच्या रकान्यात ठळक अक्षरात: रात्री कडधान्य भिजवणे. आता वीस भाज्यांतून एक निवडायची नव्हती. गुरुवारी पिशवी घेऊन निघालो की तीन-चार जुड्यांतली ताजी कोणती, एवढंच बघायचं.

हुरूप येऊन मी कपाटाकडे वळलो. पाच शर्ट, पाच हँगर. इस्त्री होऊन आलेला उजवीकडे अडकवायचा, घालायचा तो डावीकडचा. महिनाभर आरशासमोरचा वेळ वाचला. मग एका शोकसभेच्या दिवशी रांगेत लाल चौकड्यांच्या शर्टाचा नंबर लागला आणि मी नियम पाळला. लोक दिवंगतांपेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होते. त्या संध्याकाळी कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून टाकलं: लग्न, दुःख आणि साहेबांची बैठक, एवढ्या तीन प्रसंगी रांग मोडावी. अपवाद आधीच लिहिलेले नसले, तर आजचा दिवस अपवाद आहे का, यावर रोज सकाळी नवीन वाद सुरू होतो.

ऑफिसातही तेच केलं. संध्याकाळी निघताना उद्याची पहिली फाईल टेबलावर उघडी ठेवायची, बाकीच्या कपाटात. सकाळी चहा पीत "कुठून सुरुवात करू?" हा विचार करण्यात माझे साडेदहा वाजायचे. आता दहाला पहिला शेरा लिहून झालेला असतो, कारण काल संध्याकाळच्या मीने आज सकाळच्या मला विचारायला जागाच ठेवलेली नसते.

मी हे सगळं फुशारकीने सांगत होतो, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या आईंकडे सोमवार उपासाचा, गुरुवार दत्ताचा, एकादशीला साबुदाणा. त्यांनी कधी कुणाला विचारलं का, आज काय करू?" मी गप्प बसलो. आईचं वेळापत्रक कालनिर्णयच्या खाली नव्हतं, कालनिर्णयमध्येच होतं.

खरं तर वेळापत्रकाने निर्णय एकही कमी झाला नाही. रोजचा एक असे सात होते, ते रविवारच्या रात्री एकत्र बसले, आणि बसले ते माझ्या डोक्यावर. आमच्या घरी आता एकच नियम पक्का आहे: वेळापत्रक ज्याने लिहिलं, मटकी त्यानेच भिजवायची.