घरमालकाला ‘विकता का?’ विचारण्याची शास्त्रोक्त पद्धत

कोथरूडमधल्या भाड्याच्या फ्लॅटवर जीव जडला, तर पहिलं पथ्य असं की ते तोंडावर दिसू देऊ नये. मालक काकांसमोर खिडकीतल्या वाऱ्याचं कौतुक करू नये. बाथरूमच्या ओलीबद्दल मात्र सविस्तर बोलावं.

मुहूर्त अकरा महिन्यांच्या कराराच्या नूतनीकरणाचा निवडावा. चहा घेताना, एजंटचा विषय निघाल्यासारखं करून म्हणावं, “काका, कधी विकायचा विचार केलात, तर आम्हाला आधी सांगा हं.” काका लगेच विरघळतात. “अरे, तुम्ही घरातलेच! तुम्हाला सोडून दुसऱ्याला देईन का?” हे वाक्य ऐकून गहिवरावं, पण त्यावर विसंबू नये. दुसऱ्याने पाच लाख जास्त देऊ केले की घरातले कोण आणि बाहेरचे कोण याची काकांची व्याख्या बदलते. भाडेकरू म्हणून कितीही वर्षं राहिलात तरी लीव्ह अँड लायसन्सने विकत घेण्याचा अग्रहक्क मिळत नाही.

मग भाव विचारावा. काका म्हणतील, “वरच्या मजल्यावरचा एक कोटी वीसला गेला.” इथे वाद घालू नये. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या इमारतीतल्या व्यवहारांचे इंडेक्स टू शोधावेत. समजा तिथे वरच्या फ्लॅटची किंमत अठ्ठ्याण्णव लाख दिसली. तो कागद पुढच्या चहाला खिशात न्यावा आणि “तुमच्या ऐकण्यात काही चूक झाली असेल” असं म्हणावं. काका खोटं बोलतात असं म्हणायचं नाही. चूक नेहमी कानाची असते. (नोंदलेली किंमत पूर्ण खरी असेलच असंही नाही, हे काकांनाही माहीत असतं. म्हणून आकडा पुढे ठेवून गप्प बसावं.)

आता ‘आधी आम्हाला’ कागदावर. वेगळ्या चिठ्ठीवर नुसतं लिहून घेऊ नये, कारण मोबदल्याशिवाय दिलेलं वचन कायद्यापुढे सहसा टिकत नाही. ते नोंदणी होणाऱ्या नव्या करारातच कलम म्हणून घालावं: बाहेरची ऑफर आली की काकांनी किंमत लेखी कळवायची, तुम्ही तीस दिवसांत हो किंवा नाही म्हणायचं. आणि सगळे विसरतात ते वाक्य: तुम्ही नकार दिल्यावर काकांनी किंमत उतरवली, तर पुन्हा आधी तुमच्याकडे यायचं. हे नसलं, तर तुम्हाला एक कोटी वीस सांगून दुसऱ्याला पंच्याण्णवला देता येतं. कलम मोडून विकलाच, तर फ्लॅट हाती येईलच असं नाही. बहुधा नुकसानभरपाईसाठी भांडावं लागतं.

काका “मुलाला विचारून सांगतो” म्हणाले, तर दचकावं आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरची नावं वाचावीत. मुलाचंही नाव असेल, तर त्याचीही सही लागेल. तो न्यू जर्सीत असला तर चहा सोडून वकील गाठावा.